खोकल्याचं सिरप घेण्याआधी रोजच्या गोळ्यांची स्ट्रिप बघा

सुक्या खोकल्यासाठी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. ते घेतल्यावर थोडी झापड येते, कधी गरगरतं, आणि बहुतेकांना त्यात काही वावगं वाटत नाही. खोकल्याचं औषध म्हटलं की झोप येणारच, असं आपण धरूनच चालतो. पण नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असताना हेच सिरप घेतलं, तर ते शरीरात अनेक पटींनी साठू शकतं. मग गुंगी वाढते, तोल जातो आणि क्वचित प्रसंगी जिवावर बेतणारा त्रासही होतो. काउंटरच्या आतल्या बाजूने मला एक गोष्ट वारंवार दिसते. आपण नैराश्यावरची गोळी घेतोय हे अनेकांना माहीतच नसतं. त्यामुळे "डिप्रेशनची गोळी चालू आहे का?" या प्रश्नाला ते मनापासून "नाही" म्हणतात. म्हणून सुरुवात सिरपच्या बाटलीपासून न करता रोजच्या गोळ्यांपासून करायची.

आधी रोजच्या गोळ्या समोर ठेवा

घरातल्या सगळ्या चालू गोळ्यांच्या स्ट्रिप टेबलावर काढा आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. कंपनीने दिलेलं मोठ्या अक्षरातलं नाव इथे कामाचं नाही. तेच औषध शंभर नावांनी विकलं जातं.

शोधायची नावं अशी: पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, व्हेनलाफॅक्सीन, डेसव्हेनलाफॅक्सीन, ड्युलॉक्सेटीन, ब्युप्रोपिऑन, अमिट्रिप्टिलीन, क्लोमिप्रामीन. ही औषधं फक्त मानसोपचारतज्ज्ञच लिहून देतात असं नाही. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी फॅमिली डॉक्टरही देतात आणि घरात ती "टेन्शनची गोळी" म्हणून ओळखली जाते. मधुमेहाने तळपायांची आग होते तेव्हा ड्युलॉक्सेटीन दिलं जातं, तीच "नसांची गोळी". जुनाट डोकेदुखीला रात्री अमिट्रिप्टिलीन असतं. शीघ्रपतनासाठी घेतलं जाणारं डॅपॉक्सेटीनही याच कुळातलं आहे, आणि त्याचं नाव काउंटरवर कुणी काढत नाही. डॉक्टरांनी गोळी कशासाठी दिली हे बाजूला ठेवा, स्ट्रिपच्या मागे काय छापलंय ते बघा.

याच वेळी आणखी तीन नावं शोधा, कारण त्यांचा धोका वरच्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे. सेलेजिलीन आणि रसाजिलीन ही कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांना दिली जातात. तिसरं लिनेझोलिड. हे अँटिबायोटिक आहे, पण शरीरात ते काही प्रमाणात नैराश्यावरच्या जुन्या एमएओआय औषधांसारखं वागतं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारात ते महिनोन् महिने चालतं, आणि नेमक्या याच रुग्णांना खोकला असतो. घरातलं कुणीतरी "खोकला फार आहे, एक सिरप आण" म्हणतं आणि बाटली घरात येते. अशा रुग्णाला क्षयरोग केंद्रातल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुक्या खोकल्याचं कुठलंही सिरप देऊ नका.

मग बाटली उलटी करून वाचा

सिरपच्या लेबलवर "प्रत्येक ५ मिलीमध्ये" या शब्दांखाली घटकांची यादी असते. त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड आहे का ते बघा. आपल्याकडच्या पुष्कळ सिरपमध्ये ते ५ मिलीला १० मिलिग्रॅम असतं. त्याच्यासोबत बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम असतं, आणि काहींत फेनिलेफ्रिनही असतं.

नावावरून ओळखायचा एक ढोबळ मार्ग आहे. एकाच नावाची दोन-तीन सिरपं असतात. त्यांतलं साधं कफाच्या खोकल्याचं असतं, आणि नावापुढे "डी" किंवा "डीएक्स" जोडलेलं सुक्या खोकल्याचं असतं. पण यावर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने अक्षरं जोडते. मागच्या वेळी त्याच रंगाची बाटली चालली होती, म्हणून या वेळी आत तेच असेल असंही नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फन सर्दीच्या काही गोळ्यांत आणि घशाच्या चघळायच्या गोळ्यांतही असतं. म्हणजे सिरप आणि सर्दीची गोळी दोन्ही घेतली, तर एकच औषध दोन वाटांनी पोटात जाऊ शकतं.

झोप कशाने येते आणि चक्कर कशाने

डेक्स्ट्रोमेथॉर्फन घशावर काम करत नाही. मेंदूत खोकल्याची उबळ जिथून सुटते त्या केंद्राला ते शांत करतं. मेंदूत काम करत असल्यामुळे ते तेवढ्यावर थांबत नाही. त्याने डोकं हलकं वाटतं, जमीन किंचित तरंगल्यासारखी वाटते, वळताना झोक जातो, कुणाकुणाला मळमळतं. नेहमीच्या मात्रेत हे सौम्य असतं आणि काही तासांत ओसरतं.

डोळ्यांवर जी जड झापड येते तिचं श्रेय मात्र बहुतेक वेळा शेजारच्या क्लोरफेनिरामिनला जातं. हे जुन्या पिढीचं सर्दीचं औषध आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात त्यातलं निम्मं संपायलाच सुमारे २० तास लागतात. म्हणून रात्री घेतलेल्या सिरपची सुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते. साठीपुढच्या माणसांत ते तोंड कोरडं पाडतं आणि बद्धकोष्ठ करतं, प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडवतं, आणि कधीकधी संध्याकाळी गोंधळल्यासारखंही करतं. रात्री अमिट्रिप्टिलीन घेणाऱ्याला हे सगळं दुप्पट जाणवतं, कारण त्या गोळीचे दुष्परिणामही असेच आहेत.

हे दोन घटक वेगळे ओळखता येण्याचा उपयोग आहे. फक्त झोप येत असेल आणि उठून चालताना तोल नीट असेल, तर बहुधा क्लोरफेनिरामिनचं काम आहे. झोप फार नाही पण चालताना भिंत धरावी लागते, बोलणं जड येतं, सगळं लांबून चालल्यासारखं वाटतं, असं असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन जास्त झालंय असं समजा. नेमकं हेच नैराश्यावरच्या काही गोळ्यांमुळे होतं.

दोघं एकत्र आले की आत काय होतं

डेक्स्ट्रोमेथॉर्फन आतड्यातून यकृतात येतं, तेव्हा सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्याचा मोठा भाग रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतं. जे उरतं त्यातलं निम्मं साधारण दोन ते चार तासांत कमी होतं. लेबलवरची मात्रा हे एन्झाइम नीट चालतंय असं धरून ठरवलेली असते. काही थोड्या लोकांत ते जन्मतःच काम करत नाही. त्यांना एका मापानेच चक्कर येते आणि त्यांना कारण कधी कळत नाही.

पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन आणि ब्युप्रोपिऑन हे एन्झाइम जोरात अडवतात. ड्युलॉक्सेटीन मध्यम अडवतं. सर्ट्रालीन मोठ्या मात्रेत अडवतं आणि एस्सिटालोप्राम थोडंसं. एन्झाइम अडलं की यकृतातली पहिली चाळणच निकामी होते आणि तेवढ्याच मापातून अनेक पट औषध रक्तात पोचतं. शिवाय ते निम्मं व्हायला तासांऐवजी जवळपास दिवस लागतो.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की अमेरिकेत त्याचाच औषध म्हणून वापर केलाय. ऑगस्ट २०२२मध्ये तिथल्या औषध नियामकाने नैराश्यासाठी एक गोळी मंजूर केली. तिच्यात ४५ मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि १०५ मिलिग्रॅम ब्युप्रोपिऑन आहे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन लवकर मोडू नये हेच तिथे ब्युप्रोपिऑनचं एक मुख्य काम आहे. ती गोळी डॉक्टर मात्रा मोजून देतात आणि रुग्णावर लक्ष ठेवतात. सिरप आणि जुनी गोळी घरी एकत्र येतात तेव्हा मात्रेवर कुणाचंच लक्ष नसतं.

दुसरी गोष्ट सिरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची. नैराश्यावरच्या यातल्या बहुतेक गोळ्या मेंदूत सिरोटोनिन वाढवून काम करतात. न मोडलेलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही थोडं तेच करतं. एरवी ते इतकं कमी असतं की फरक पडत नाही. एन्झाइम अडल्यामुळे ते साठलं, की दोन्हीकडून सिरोटोनिन वाढतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की जी अवस्था होते तिला सिरोटोनिन सिंड्रोम म्हणतात.

इथे भीतीला नीट माप द्यायला हवं. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन नेहमीच्या मात्रेत चालू असताना एखादा चमचा सिरप गेलं, तर बहुतेकांना थोडी जास्त झापड येण्यापलीकडे काही होत नाही. गंभीर प्रकार बहुतेक करून जास्त मात्रेत किंवा दोनपेक्षा जास्त औषधं एकत्र आल्यावर घडतात. पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन किंवा ब्युप्रोपिऑन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक मापही नको. सेलेजिलीन, रसाजिलीन, लिनेझोलिड किंवा मोक्लोबेमाइडसारखं एमएओआय असेल, तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा विचारच करू नका, आणि एमएओआय बंद केल्यावरही १४ दिवस थांबा.

एक उदाहरण: काकूंची "झोपेची अर्धी"

समजा, सांगलीतल्या एक ६२ वर्षांच्या काकू आहेत. तीन आठवडे सुकी ढास आहे, रात्री जास्त. मुलगा त्यांना घेऊन मेडिकलमध्ये येतो.

"काकू, दुसरी कुठली औषधं चालू आहेत?"

"बीपीची एक आणि झोपेची एक. आधी अर्धी घ्यायचे, आता पूर्ण घेते."

"स्ट्रिप आहे का सोबत?"

"घरी आहे. झोपेचीच आहे हो, साधी."

बहुतेक ठिकाणी विचारणं इथेच थांबतं आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन-क्लोरफेनिरामिनचं सिरप दिलं जातं. दहा मिली, दिवसातून तीनदा. हिशेब करून बघू. ३० मिलीतून दिवसाला ६० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि १२ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन जातं. मोठ्या माणसाला दिवसाला डेक्स्ट्रोमेथॉर्फनची कमाल मर्यादा १२० मिलिग्रॅम आहे. म्हणजे कागदावर मात्रा अगदी बरोबर, उलट निम्मीच.

पण घरच्या स्ट्रिपच्या मागे छापलंय: पॅरोक्सेटीन २५ मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. नवरा गेल्यानंतर डॉक्टरांनी दिलेली. झोप लागायला लागली, म्हणून घरात तिचं नाव "झोपेची" पडलं.

पॅरोक्सेटीन नसतं तर रात्री दहाच्या २० मिलिग्रॅममधलं सकाळपर्यंत एखाद-दोन मिलिग्रॅमच उरलं असतं, आणि रोज पाटी कोरी होऊन नवा दिवस सुरू झाला असता. आता ते निम्मं व्हायला जवळपास एक दिवस लागतो असं धरा. पहिल्या दिवशी ६० गेले. दुसऱ्या दिवशी त्यातले ३० उरलेले आणि ६० नवे, म्हणजे ९०. तिसऱ्या दिवशी १०५, चौथ्या दिवशी ११२च्या आसपास. हा अगदी ढोबळ हिशेब आहे, आणि पहिल्या चाळणीतून सुटून रक्तात गेलेला जास्तीचा भाग त्यात धरलेलाच नाही. पण त्यावरून एक गोष्ट कळते: त्रास पहिल्या मापाला दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. तोवर "दोन दिवस घेतलं, काही झालं नाही, म्हणजे सिरप मानवतंय" असं घरात ठरून गेलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी काकू सकाळी उठतात त्या भिंत धरून. क्लोनाझेपामची गुंगी आहे, क्लोरफेनिरामिनची आहे आणि साठलेल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनची आहे. मुलाला वाटतं, खोकल्याने रात्रभर झोप नाही, म्हणून अशक्तपणा आहे. दुपारी त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात, दोनदा पातळ शौचाला होतं. अंग गरम लागतं. घरातले म्हणतात व्हायरल झालंय, आणि आणखी एक सर्दीची गोळी देतात. इथे सगळ्यात मोठी फसगत होते. खोकला असलेल्या माणसाला ताप, घाम आणि थरथर आली की सगळ्यांना आधी इन्फेक्शनच सुचतं.

साधी गुंगी की सिरोटोनिन, कसं ओळखायचं

साध्या गुंगीत माणूस ढिला पडतो. हाक मारली की हळू ओ देतो, डोळे मिटतात, अंग सैल असतं, त्वचा कोरडी आणि नेहमीइतकीच उबदार असते. पडू दिलं तर तो झोपतो.

सिरोटोनिन वाढलं की चित्र उलटं होतं. माणूस अस्वस्थ असतो, एका जागी पडून राहत नाही, घामाने ओला होतो. छाती धडधडते. हात थरथरतात. बाहुल्या मोठ्या दिसतात. पोट सुटतं. सर्वांत ठळक खूण पायांत दिसते. झोपलेल्या माणसाची पावलं आपोआप झटके देत राहतात, गादीवर टाच टपटप आपटत राहते. डॉक्टर हे तपासायला पाऊल झटकन वर दाबून धरतात. ते पुन्हा पुन्हा उसळलं की त्यांना बहुतेक निदान मिळतं. हाता-पायांत ताठरपणा, भरपूर ताप आणि गोंधळलेलं बोलणं ही पुढची पायरी आहे.

वेळेचाही उपयोग होतो. नवीन औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर ही लक्षणं बहुतेक वेळा काही तासांत, आणि बहुतेकांत २४ तासांच्या आत उठतात. काकूंच्या उदाहरणासारखं औषध हळूहळू साठत असेल तर दोन-तीन दिवसही लागू शकतात. "सिरप कधी सुरू झालं?" आणि "त्रास कधी सुरू झाला?" या दोन तारखा-वेळा एका कागदावर लिहिल्या की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

त्रास सुरू झाला तर

सिरप तिथल्या तिथे बंद करा. सोबत सर्दीची गोळी चालू असेल तर तीही.

नैराश्यावरची रोजची गोळी मात्र स्वतःहून तोडू नका. हे मी सर्वांत जोर देऊन सांगतो, कारण घरात नेमकं उलटं होतं. कुणीतरी म्हणतं, "त्या डोक्याच्या गोळ्यांनीच हे झालंय, आधी त्या फेकून दे." पॅरोक्सेटीन किंवा व्हेनलाफॅक्सीन अचानक बंद केलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर, मळमळ, घाबरेपणा आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटू लागतं. मग कोणता त्रास कशाचा हे डॉक्टरांनाही ठरवणं अवघड जातं, आणि मूळ आजार उलटण्याचा धोका वेगळाच. आजची गोळी घ्यायची की थांबवायची, हे त्याच दिवशी फोन करून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घाम, थरथर आणि पायांचे झटके यांसारखी लक्षणं असतील, तर ते तिचा पुढचा डोस थांबवायला सांगू शकतात. पण तो निर्णय त्यांनीच करावा.

फक्त गुंगी आणि चक्कर असेल तर माणसाला एकटं सोडू नका. दारू अजिबात नको, झोपेची जास्तीची गोळी नको. दुचाकी, चारचाकी, गिरणी, गॅसवर तळण असलं काही नको. रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा. साठीपुढच्या माणसाचं मांडीचं हाड अशा रात्री उठतानाही मोडू शकतं. एन्झाइम अडवणारी गोळी चालू असेल, तर सिरप बंद केल्यावरही चक्कर पूर्ण जायला तीन-चार दिवस लागू शकतात. हळूहळू कमी होत असेल तर हरकत नाही. कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर थांबू नका.

घाम, थरथर, पायांचे झटके, अस्वस्थपणा यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप चढला, अंग ताठ झालं, असंबद्ध बोलणं सुरू झालं, हाक मारून जाग येत नाही किंवा श्वास मंद झाला, तर १०८ला फोन करा. हा ताप स्नायूंच्या सततच्या हालचालीने आलेला असतो, त्यामुळे पॅरासिटामॉलने तो फारसा उतरत नाही. गोळी देऊन वाट बघण्यात वेळ घालवू नका. सोबत सिरपची बाटली आणि सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. बाटलीत किती उरलंय त्यावरून किती घेतलं हे कळतं.

हॉस्पिटलमध्ये सलाइन लावतात, स्नायू शांत करणारी औषधं देतात, अंग थंड करतात, आणि गरज पडली तर सायप्रोहेप्टाडीन देतात. हे नाव काहींना ओळखीचं वाटेल, कारण भूक वाढवायच्या सिरपमध्ये तेच असतं. म्हणून घरातली ती बाटली काढून देऊ नका. तेही झोप आणतं, आणि गुंगीत असलेल्या माणसाला काही पाजलं की ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

मग खोकल्याचं काय करायचं

काकूंच्या बीपीच्या गोळीकडे आता वळू. तिच्या स्ट्रिपमागे रॅमिप्रिल छापलेलं असेल, किंवा एनालाप्रिल, तर त्यांच्या ढासेचं कारण तिथेच असू शकतं. या कुळातल्या गोळ्यांनी काही जणांना सुका, त्रासदायक खोकला होतो, आणि गोळी सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही तो उठतो. असा खोकला कुठल्याही सिरपने नीट थांबत नाही. डॉक्टरांनी टेल्मिसार्टनसारख्या दुसऱ्या कुळातल्या गोळीवर नेलं की तो साधारण एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित जास्त वेळ लागतो. ही गोळीही स्वतः बदलू नका, पण प्रश्न जरूर विचारा.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर थुंकीची तपासणी हवीच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. रात्री आडवं झाल्यावर वाढणारा खोकला पित्ताचा किंवा दम्याचा असू शकतो, आणि त्यांना वेगळं औषध लागतं.

साध्या सर्दीनंतरची ढास असेल, तर झोपताना चमचाभर मध, कोमट पाणी आणि मिठाच्या गुळण्या एवढ्याने बऱ्याच जणांची रात्र निघते. मधुमेह असेल तर मधाचा हिशेब धरा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच देऊ नका. कफ असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनची मुळातच गरज नाही. खोकला दाबला तर कफ आत राहतो. कफासाठी अँब्रॉक्सॉल किंवा ग्वायफेनेसिन असलेलं सिरप असतं, आणि त्यांचा सिरोटोनिनशी संबंध नाही. पण लेबल तिथेही वाचा, कारण कफाच्या काही सिरपमध्येही इतर घटक मिसळलेले असतात. कोडिनचं सिरप हा मात्र पर्याय धरू नका. क्लोनाझेपामसोबत ते श्वास मंदावू शकतं.

लहान मुलांसाठी मोठ्यांच्या बाटलीतलं अर्धं माप काढून देणं पूर्ण बंद करा. २०२१मध्ये दिल्लीत डेक्स्ट्रोमेथॉर्फनची विषबाधा होऊन लहान मुलं दगावली होती. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने चार वर्षांखालच्या मुलांना हे औषध देऊ नये असं कळवलं.

डॉक्टरांनी घ्यायला सांगितलंच तर

कधी डॉक्टर सगळं पाहून एस्सिटालोप्रामसोबत थोडे दिवस हे सिरप चालेल असं सांगतात. मग पहिलं माप रात्री घरी असताना घ्या, सकाळी गाडी चालवायच्या आधी नको. बाटलीच्या टोपणावरच्या खुणेने मोजा. स्वयंपाकघरातला चमचा कुठे चार मिलीचा असतो, कुठे दहाचा. बाटलीला तोंड लावून घोट घ्यायची सवय घरात कुणाला असेल तर ती इथे महागात पडते. सर्दीची वेगळी गोळी किंवा सेटिरिझिन सोबत नको, कारण झोप आणणारा घटक सिरपमध्ये आधीच आहे. तीन-चार दिवसांत फरक पडला नाही तर बाटली संपवत बसू नका, परत डॉक्टरांकडे जा.

नुकतीच गोळी बंद झालेल्यांसाठी एक शेवटची सूचना. फ्लुओक्सेटीन बंद केलं तरी ते आणि त्यापासून शरीरात तयार झालेला घटक रक्तात आठवडे राहतात आणि एन्झाइम अडवत राहतात. म्हणून बंद केल्यावरही पाच आठवडे ते चालूच आहे असं समजून खोकल्याचं औषध निवडा, आणि मेडिकलमध्ये विचारलं की "बंद आहे" एवढंच न सांगता कधी बंद केलं ती तारीखही सांगा.